माहेरी जायचं कधी आणि कसं? गरोदरपणातला गाडीचा अन् विमानाचा प्रवास

अंबाजोगाई (प्रतिनिधी) : पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी सासर-माहेर दहा-वीस कोसांच्या आत असायचं. बैलगाडी नाही तर एसटी, दुपारपर्यंत लेक घरी. आता लेकी-सुना पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत नोकरीला आहेत. माहेर मात्र त्याच गावात आहे. त्यामुळे गरोदर बाईला आठ-दहा तासांचा प्रवास करावा लागतो. कधी त्यात विमान येतं, आणि शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर जीप किंवा मोटरसायकल ठरलेलीच असते.

हा प्रवास करू नये, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. निरोगी गरोदर बाई गाडीनं जाऊ शकते, विमानानंही जाऊ शकते. फक्त तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात. दिवस किती भरलेत, एका जागी सलग किती तास बसावं लागणार, आणि वाटेत काही झालं तर दवाखाना किती लांब. किलोमीटर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

'सातवा' म्हणजे नेमका कितवा आठवडा?

पहिला घोळ इथंच होतो. घरात हिशोब महिन्यांचा चालतो आणि डॉक्टर व विमान कंपनी आठवडे मोजतात. "सातवा लागला" आणि "सात महिने झाले" यांत चार आठवड्यांचं अंतर आहे, पण बोलताना दोन्ही एकच समजलं जातं.

हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. तिथून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस झाले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. घरच्या घरी काढायची तर त्या तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे. शेवटची पाळी १ फेब्रुवारीला आली असेल तर तारीख ८ नोव्हेंबरच्या आसपास येते. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख खरी मानावी.

याच उदाहरणात २८ आठवडे १६ ऑगस्टला पूर्ण होतात, ३२ आठवडे १३ सप्टेंबरला आणि ३६ आठवडे ११ ऑक्टोबरला. या तीन तारखा माता व बाल संरक्षण कार्डाच्या मागं पेनानं लिहून ठेवल्या, तर पुढचे निम्मे वाद मिटतात.

प्रवासाला सगळ्यात बरा काळ १४ ते २८ आठवड्यांचा. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, उलट्या आणि थकवा असतो. गर्भपाताचा धोकाही त्याच काळात जास्त असतो. तो प्रवासामुळे वाढतो असं नाही, पण अंगावरून जायला लागलं आणि बाई नेमकी घाटात असली तर हाल होतात. शिवाय गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे एकदा सोनोग्राफीत दिसल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये. नळीतला गर्भ फुटला तर पोटात रक्तस्राव होतो आणि तासाभरात जिवावर बेतू शकतं.

२८ आठवड्यांनंतर पोट मोठं होतं, कंबर धरते, लघवीला वारंवार जावं लागतं आणि वेळेआधी कळा येण्याची शक्यता वाढत जाते. तरी सगळं ठीक असेल तर ३२ आठवड्यांपर्यंत प्रवास करता येतो. "नववा लागला की आणू" हा बेत मात्र लांबच्या प्रवासाला उशिराचा आहे. नववा लागतो तेव्हा ३५ आठवडे झालेले असतात.

डोहाळजेवण सातव्यात करायची पद्धत आहे, तिचा इथं फायदाच होतो. सातवा लागल्यावर, म्हणजे २६ ते २७ आठवड्यांच्या सुमारास कार्यक्रम उरकावा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत निघावं. तेव्हा रीतही सांभाळली जाते आणि वेळही योग्य असते.

बसून राहण्याचा धोका : पायातली गुठळी

प्रवासातला धोका विचारला तर बहुतेक जण खड्ड्यांचं नाव घेतात. हादऱ्यानं गर्भ पडतो, ही भीती घरोघरी आहे. निरोगी गर्भ पिशवीत, पाण्यात असतो आणि खड्ड्याच्या हादऱ्यानं तो सहसा पडत नाही. सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गर्भाच्या जडणघडणीतच दोष असल्यानं होतात. खड्ड्यांनी कंबर दुखते, गाडी लागते, हे खरं. अपघात आणि पडणं यांचा धोकाही खराच. पण ज्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं तो धोका वेगळा आहे. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यानं पायाच्या आतल्या शिरेत रक्त गोठतं.

गरोदर बाईलाच ते जास्त का होतं? बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून निसर्ग आधीपासून तयारी करतो आणि या दिवसांत रक्त लवकर गोठेल असं बनतं. त्यात वाढलेली पिशवी ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते, त्यामुळे पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो. तिसरी गोष्ट पोटरीची. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू पंपासारखा रक्त वर ढकलतो. बसून राहिलं की हा पंप बंद. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुठळी होऊ शकते. गरोदर नसलेल्या बाईपेक्षा हा धोका साधारण चार-पाच पट असतो. तरीही अशा केसेस थोड्याच असतात. घाबरून जायचं कारण नाही, पण ओळखता आलं पाहिजे. कारण हीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

चार तासांपेक्षा जास्त प्रवास असेल तर काळजी घ्यायची. ती बस, कार, विमान सगळीकडं सारखीच.

दर अर्ध्या तासानं बसल्या जागी पावलं हलवायची. टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असं दहा-पंधरा वेळा. पोटरी आवळली गेली पाहिजे. नुसती बोटं हलवून भागत नाही. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसायचं नाही. पायाखाली पिशव्या कोंबल्या की पाय हलवायला जागा राहत नाही, म्हणून सामान टपावर नाही तर डिकीत.

दुसरं पाण्याचं. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण उतरायचं कुठं हा प्रश्न असतो. स्टँडवरची स्वच्छतागृहं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं. लघवी दाबून ठेवली की जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. त्यामुळे बाईनं पाणी कमी करायचं नाही, घरच्यांनी थांबे वाढवायचे. पेट्रोल पंप, ओळखीचं घर, बरा ढाबा, हे थांबे निघायच्या आधीच ठरवून ठेवावेत. चहा-कॉफीवर दिवस काढू नये.

तिसरं, दाबाचे मोजे. मेडिकलमध्ये 'कम्प्रेशन स्टॉकिंग' मागितलं की मिळतात. गुडघ्याखालपर्यंतचे घ्यायचे. घोट्यापाशी १५ ते ३० मिलिमीटर दाब, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. घोटा आणि पोटरी टेपनं मोजूनच माप घ्यावं. सकाळी पाय सुजायच्या आधी, शक्यतो अंथरुणावरच घालावेत. वरची कड गुंडाळून खाली घेऊ नये, नाहीतर तीच दोरीसारखी आवळते आणि मोज्याचा उपयोग उलटा होतो. साधे घट्ट मोजे किंवा क्रेप पट्टी हा त्याला पर्याय नाही.

काही बायकांना एवढ्यावर भागत नाही. आधी कधी गुठळी झालेली, आई-बहिणीला झालेली, वजन बरंच जास्त, वय पस्तिशीच्या पुढं, पोटात जुळी, पायाच्या शिरा फुगलेल्या किंवा सिकलसेल असलेली बाई असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गरज वाटली तर ते रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. हे औषध वारेतून बाळाकडं जात नाही. ते किती आणि कधी, हे डॉक्टरच ठरवतात. कुणीतरी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी घेऊन निघणं चूक आहे.

साधी सूज कोणती, गुठळीची कोणती?

शेवटच्या महिन्यांत दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजतात आणि रात्री झोपल्यावर उतरतात. ती नेहमीची सूज. गुठळीची सूज बहुतेक वेळा एकाच पायाला येते, आणि गरोदरपणात तो पाय बहुधा डावा असतो. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात धमनीखाली दबलेली असते, हे त्याचं कारण. पोटरी किंवा मांडी दुखते, हाताला गरम लागते, कातडी लालसर किंवा निळसर दिसते आणि सकाळीही सूज उतरत नाही.

घरात शिवणाचा टेप असेल तर दोन्ही पोटऱ्या सगळ्यात जाड जागी मोजाव्यात. फरक २ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं. कलर डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते. हा त्रास प्रवासाच्या दिवशीच होईल असं नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांतही होऊ शकतो, म्हणून माहेरी पोचल्यावरही पायांवर लक्ष ठेवावं.

इथं एक चूक हमखास होते. पाय दुखतो म्हटल्यावर आई किंवा आजी तेल घेऊन चोळायला बसते. एकाच पायाला दुखरी, गरम सूज असेल तर चोळायचं नाही, शेकायचंही नाही. चोळल्यानं गुठळी सुटून वर जाऊ शकते.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा बाई चक्कर येऊन पडली, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका धरून लगेच १०८ ला फोन करावा.

दोन्ही पायांबरोबर चेहरा आणि हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमक येतेय, तर तो प्रकार वेगळा. तो रक्तदाब वाढल्याचा इशारा आहे. त्यातही उशीर चालत नाही.

विमानाचं काय?

विमान वर गेलं की बाळाला हवा कमी पडते, असं बोललं जातं. विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. आईच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, पण पोटातल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद मोठ्यांपेक्षा जास्त असते. निरोगी आईच्या बाळाला त्यामुळे त्रास होत नाही.

अडचण येते ती आईच्या अंगात रक्त कमी असेल तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १० च्या आसपास असेल तर तासा-दोन तासांच्या विमानाला सहसा अडचण नाही. ते साडेसातच्या खाली असेल तर विमान टाळायचं. खरं म्हणजे तेव्हा प्रवासाच्या आधी उपचारच घ्यायचा.

विमानतळावर ज्या चौकटीतून चालत जायचं असतं ती धातू शोधणारी असते. तिच्यात एक्स-रे नसतो. एक्स-रे सामानाच्या मशिनीत असतो. त्यामुळे तपासणीला भ्यायचं कारण नाही.

आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या ३२ आठवड्यांपर्यंत चिठ्ठी मागत नाहीत. त्यानंतर 'फिट टू फ्लाय' म्हणजे विमानप्रवासाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं पत्र लागतं आणि ३६ आठवड्यांच्या सुमारास दार बंद होतं. जुळी असतील तर ३२ आठवड्यांनंतर विमानानं जाऊच नये. पत्र किती दिवसांच्या आतलं हवं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते तिकीट काढतानाच बघावं. पत्रात आठवडे, बाळंतपणाची अंदाजे तारीख, बाळ एक आहे की जुळी आणि गुंतागुंत नाही, एवढं लिहिलेलं असावं. ३२ च्या आतल्या बाईनंही ते जवळ ठेवलेलं बरं. पोट मोठं दिसलं की काउंटरवर विचारतात, आणि तिथं पाळीची तारीख सांगत बसण्यापेक्षा कागद दाखवलेला सोपा.

एक प्रवास मांडून बघू

समजा, अंबाजोगाई तालुक्यातली लेक नवऱ्याबरोबर बेंगळुरूत राहते. पहिली खेप, वय २६, शेवटची पाळी १ फेब्रुवारी. हिमोग्लोबिन १०.२, रक्तदाब नीट, सोनोग्राफीत वार वरच्या बाजूला, बाळ एक. घरच्यांचं म्हणणं, "गौरी-गणपती उरकू, मग सप्टेंबरअखेर ये."

सप्टेंबरअखेर म्हणजे ३४ आठवडे. तेव्हा विमानाला चिठ्ठी लागणार, एखादी तपासणी बिघडली तर चिठ्ठी मिळणार नाही, आणि मग राहील ती रात्रभराची बस. त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे २९ ते ३० आठवड्यांना निघालेलं बरं. सण एक वर्ष माहेरी झाला म्हणून बिघडत नाही.

आता मार्ग. बेंगळुरू ते पुणे विमान साधारण दीड तासाचं. पुणे ते अंबाजोगाई गाडीनं तीनशे किलोमीटरच्या घरात, थांबे धरून सात-आठ तास. विमानाचं नाव ऐकून घरचे काळजीत पडतात आणि पुण्यापुढच्या गाडीबद्दल कुणी विचारत नाही. गुठळीचा हिशोब लावला तर उलट आहे. विमानात दीड तास बसणं काहीच नाही. खरा लांब प्रवास पुण्यापासून पुढं सुरू होतो. त्यात बेंगळुरूच्या घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ आणि तिथलं थांबणं मिळवलं, तर एकाच दिवसात बारा-तेरा तास बसणं होतं.

म्हणून हा प्रवास दोन दिवसांत करायचा. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानानं पुणे आणि तिथंच नातेवाइकांकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाडी. भिगवणला पहिला थांबा, टेंभुर्णीला दुसरा, बार्शीत जेवण, कळंबला चौथा. बार्शी आणि कळंबला दवाखाने आहेत आणि अंबाजोगाईला तर स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. रात्रीचा प्रवास टाळायचा. अपघात रात्री जास्त होतात आणि दोन गावांच्या मधे बंद गाडीत बसलेली गरोदर बाई हा प्रसंग कुणावर येऊ नये.

विमानात कडेची, चालायच्या वाटेकडची सीट मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दाबाचे मोजे घालूनच गाडीत बसायचं. हातातल्या पिशवीत कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, चालू गोळ्या आणि पाण्याची बाटली ठेवायची. ही पिशवी डिकीत टाकायची नाही.

गाडीत बसायचं कसं

पट्ट्यानं बाळ दाबलं जातं म्हणून सीट बेल्ट लावू न देणारी घरं आहेत. अपघातात बेल्ट नसलेली बाई समोर आदळते आणि मार थेट पोटाला बसतो. बेल्ट लावायचाच, फक्त लावायची पद्धत वेगळी. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट. खांद्याचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं. पोटावरून पट्टा कधीच न्यायचा नाही. पुढच्या सीटवर बसली तर सीट जेवढी मागं जाईल तेवढी घ्यावी.

एसटीत जायचं असेल तर चाकावरची आणि शेवटची सीट सोडून मधली घ्यावी. तिथं हादरा कमी लागतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा गर्दीच्या वडापपेक्षा एसटी स्वस्तही पडते आणि पाय हलवायला जागाही मिळते. स्लीपर गाडीत उताणं झोपू नये. पिशवीचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते, म्हणून डाव्या कुशीवर झोपावं.

मोटरसायकलवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पोटामुळे तोल आधीच बदललेला असतो, खड्ड्यात धरायला काही नसतं आणि पदर किंवा ओढणी चाकात जाते. फाट्यावरून वस्तीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यालाच हे होतं. तीनशे किलोमीटर नीट आलेली लेक शेवटच्या तीन किलोमीटरात पडते. त्या टप्प्याला रिक्षा किंवा गावातली गाडी सांगून ठेवावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. दिवाळीच्या आगं-मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर बसून रात्रभर प्रवास होतो. गरोदर बाईनं ट्रॉलीत बसू नये. तिला एसटीनं पुढं पाठवणं मुकादमाला आणि घरच्यांना जमण्यासारखं आहे. निघताना गावच्या आशाताईला सांगून कार्ड बरोबर घ्यावं आणि कारखान्यावर पोचल्यावर तिथल्या आशाताईला गाठून कार्ड दाखवावं. कार्डावरच्या नोंदणी क्रमांकावर तपासण्या तिथंही चालू राहतात.

पडलं, आपटलं तर

वाटेत पडणं झालं किंवा गाडीला धक्का बसला आणि बाहेरून काहीच लागलेलं दिसत नसलं, तरी दवाखान्यात जायचं. पोटाला मार बसला की वार पिशवीपासून सुटू शकते. रक्त कधी बाहेर येतं, कधी आतच साठतं. पोट दगडासारखं कडक होणं, सतत दुखणं, अंगावरून रक्त जाणं आणि बाळाची हालचाल कमी होणं ही त्याची लक्षणं. "थोडा वेळ पडून राहा, बरं वाटेल" हा सल्ला इथं महागात पडतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण अँटी-डी नावाचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं.

कुणी निघूच नये

वार खाली आहे, म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावर 'प्लॅसेंटा प्रीव्हिया' लिहिलंय, आणि मधे रक्त गेलंय अशा बाईनं लांबचा प्रवास करू नये. या बाईला न दुखता एकदम भळाभळा रक्त जाऊ शकतं, आणि तेव्हा शस्त्रक्रिया व रक्तपेढी जवळ लागते. रक्तदाब वाढलेला असणं, पिशवीचं तोंड उघडायला लागलेलं किंवा टाका घातलेला असणं, पाणी जाणं, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असणं, रक्त फार कमी असणं, यांतही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलू नये. ठरलेल्या दिवशी सकाळी पोटात कळ आली, ताप आला किंवा अंगावरून गेलं, तर तिकिटाचे पैसे बुडू द्यावेत.

अशा वेळी रीत उलटी फिरवता येते. लेकीला माहेरी आणण्याऐवजी आईनंच लेकीकडं जाऊन राहायचं. बाळंतपण आईच्या हाताखालीच होतं, फक्त गाव बदलतं.

परतीचा प्रवास

गुठळीचा धोका बाळंतपणानंतर संपत नाही. उलट पहिल्या काही आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो आणि सहा आठवड्यांनी बराच उतरतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी जपायचं. सव्वा महिना बाळंतिणीनं घर सोडायचं नाही, ही जुनी रीत जवळपास तेवढ्याच दिवसांची आहे, म्हणून लांबच्या परतीची घाई करू नये. पण सव्वा महिना नुसतं खाटेवर पडून राहणंही बरोबर नाही. बाळंतिणीनं घरात, अंगणात रोज चालावं आणि पाणी भरपूर प्यावं. पायाची लक्षणं वर सांगितली तीच.

फोन आणि गाडी

आणीबाणीला १०८. बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जायला, वरच्या दवाखान्यात हलवायला आणि नंतर घरी सोडायला १०२ ची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. निघायचा दिवस ठरवण्याआधीची एक तपासणी त्या दिवशी करून घ्यावी आणि डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारावेत. आज आठवडे किती? वार कुठं आहे? रक्त आणि रक्तदाब किती? या तिन्हींची उत्तरं कार्डावर लिहून घेतली की प्रवासाचं काय ते ठरवता येतं.